'रेकॉर्ड' की 'रिकॉर्ड'? एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार, आणि आठवीच्या वर्गात माझी झालेली पंचाईत

जाईजुई
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात एका गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. परवा वर्गात एक ध्वनिफीत ऐकवत होते. त्यात एका परिच्छेदात गाणं रेकॉर्ड करण्याबद्दल वाक्य होतं आणि दोन ओळींनंतर धावण्याचा रेकॉर्ड मोडल्याबद्दल. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, ही बाई चुकली. एकदा रिकॉर्ड म्हणाली, एकदा रेकॉर्ड."

कान तयार आहे पोराचा. मी सांगितलं की चूक नाही, शब्द नाम असेल तर पहिल्या अक्षरावर जोर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. बी.एड.ला एवढंच शिकले होते. मग पोरांकडून म्हणवून घेतलं. झालं काय, तर नामाच्या वेळी सगळा वर्ग "रेऽऽ" वर ओरडला आणि क्रियापदाच्या वेळी "कॉऽऽर्ड" वर. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मोबाइलवर ते ध्वनिमुद्रण केलं होतं, घरी नवऱ्याला नुसतं ऐकवलं आणि विचारलं, यातलं नाम कुठलं? त्याला सांगता येईना. खरं म्हणजे मलाही येईना.

म्हणजे नियम माहीत आहे, पण जोर नक्की कसा द्यायचा तेच कळलेलं नाही. आणि त्या ध्वनिफितीत 'रे'चा 'रि' का झाला? जोर हलला म्हणून स्वर बदलतो की स्वर बदलतो म्हणून जोर हलल्यासारखा वाटतो?

(लिहायच्या सोयीसाठी जोर असलेल्या अक्षराच्या आधी शब्दकोशात देतात तशी खूण करते. नाम म्हणजे 'रेकॉर्ड, क्रियापद म्हणजे रि'कॉर्ड.)

नानासाहेब_वाईकर
ताई, इतकं अवघड काही नाही. आमच्या वेळी मास्तरांनी एका ओळीत शिकवलं होतं: दोन अक्षरी शब्द, नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. इंग्रजीत सरसकट असंच आहे. ऑब्जेक्ट, परमिट, इम्पोर्ट, कॉन्ट्रॅक्ट, कुठलाही घ्या. पोरांना घोकायला लावा. चाळीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार केला, कधी अडलं नाही.

सरळमार्गी
पत्रव्यवहारात उच्चार अडेल कसा, नाना? :)

पक्या_९६
याचं सोपं उत्तर आहे. वर्तमानकाळ आणि भूतकाळ. 'रीड'चं भूतकाळात 'रेड' होतं, स्पेलिंग तेच. तसंच रिकॉर्ड वर्तमानकाळ आणि रेकॉर्ड भूतकाळ. ध्वनिफितीत दुसरं वाक्य भूतकाळातलं होतं ना?

जाईजुई
पक्या, दुसऱ्या वाक्यात भूतकाळ 'मोडला' या क्रियापदाचा होता. रेकॉर्ड तिथे मोडली जाणारी वस्तू होती. 'रेकॉर्ड केलं' असा भूतकाळ असता तरी उच्चार रि'कॉर्डेड असाच झाला असता.

नाना, सरसकट म्हणता, पण मग 'रिपोर्ट'चं काय? नाम असो वा क्रियापद, मी तर रि'पोर्टच ऐकलंय.

ध्वनिवेडा
ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. रिपोर्ट, रिप्लाय, कंट्रोल, सपोर्ट, डिस्प्ले हे सगळे नाम असतानाही दुसऱ्या अक्षरावरच जोर घेतात. उलट व्हिजिट, कॉमेंट, आन्सर, प्रॉमिस, ऑर्डर हे क्रियापद झाले तरी पहिल्यावरच. जोर हलणाऱ्या जोड्या दीडशेच्या आसपास भरतील. न हलणारे शब्द त्याच्या कितीतरी पट आहेत. त्यामुळे नानांचा नियम उलटा वापरा: जोर हलत असेल तर तो याच दिशेने हलतो. नामात दुसऱ्यावर आणि क्रियापदात पहिल्यावर अशी उलटी जोडी सहसा सापडत नाही. हलतो की नाही हे मात्र शब्दागणिक पाहावं लागतं.

आणि यात एक गंमत आहे. 1570 साली पीटर लेव्हिन्स नावाच्या माणसाने इंग्रजी-लॅटिन शब्दकोश काढला. शब्द यमकाप्रमाणे लावलेले होते आणि जोराच्या खुणाही दिल्या होत्या. त्यात अशा फक्त तीन जोड्या सापडतात: आउटलॉ, रेबेल आणि आपला रेकॉर्ड. 1934 पर्यंत त्या तीनच्या दीडशे झाल्या. म्हणजे ताईंच्या मागच्या बाकावरच्या पोराने नेमका सगळ्यात जुन्यांपैकी एक शब्द पकडला. ही चाल अजून थांबलेली नाही. 'रिसर्च' हे नाम इंग्लंडात काही जण रि'सर्च म्हणतात, काही 'रीसर्च. 'अ‍ॅड्रेस' हे नाम ब्रिटिश लोक अ'ड्रेस म्हणतात आणि बरेच अमेरिकन 'अ‍ॅड्रेस. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

नानासाहेब_वाईकर
मान्य. 'सरसकट' मागे घेतो. पण ही चाल मुळात का? आपल्याकडे 'खेळ' नाम आणि 'खेळ' आज्ञार्थ, दोन्ही एकसारखेच म्हणतो की.

ध्वनिवेडा
कारणं बरीच सांगतात. मला पटणारं एक सांगतो. वाक्यात नामाच्या आधी बहुधा 'अ' किंवा 'द' असा हलका शब्द येतो. तो आधीच हलका आहे म्हटल्यावर त्याच्या पाठोपाठ जड अक्षर आलं तर चाल बरी बसते: द 'रेकॉर्ड. क्रियापदाला मागून शेपूट लागतं, 'इंग' किंवा 'एड'. ते हलकं असतं, त्यामुळे त्याच्या आधीचं अक्षर जड असलेलं सोयीचं: रि'कॉर्डिंग. हलकं-जड-हलकं-जड असा ठेका इंग्रजीला आवडतो. शिवाय जुन्या इंग्रजीपासूनच नामाचा उपसर्ग जोर घेतो आणि क्रियापदाचा घेत नाही अशी रीत होती. फ्रेंच-लॅटिनमधून आलेले शब्द त्या रुळावर घसरत गेले असं म्हणायला जागा आहे.

बंडोपंत_नाशिक
उशिरा येतोय. हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी झालेलं आहे. 'इन्द्रशत्रु'ची गोष्ट ठाऊक असेलच. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. शब्दाच्या शेवटी उदात्त हवा होता, म्हणजे तत्पुरुष, 'इंद्राचा शत्रू', त्याला मारणारा. म्हणताना उदात्त पडला पहिल्या अक्षरावर, झाला बहुव्रीही, 'इंद्र ज्याचा शत्रू आहे तो'. आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. अक्षरं तीच, जोर हलला, अर्थ फिरला. तुमचं रेकॉर्ड-रिकॉर्ड म्हणजे हेच. वेदपाठी मुलाला हे समजवायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

ध्वनिवेडा
बंडोपंत, उदाहरण झकास आहे आणि निम्मं लागूही पडतं. पण जिथे लागू पडत नाही तिथेच ताईंचं दुखणं आहे.

उदात्त म्हणजे सूर. तो इकडून तिकडे गेला तरी 'इन्द्रशत्रु'मधला एकही स्वर आक्रसत नाही. उदात्त असो की अनुदात्त, ऱ्हस्व तो ऱ्हस्व आणि दीर्घ तो दीर्घ. इंग्रजीत सूर हलतोच, पण त्याबरोबर जोर गेलेल्या अक्षराचा जीवही जातो. ते आखूड होतं आणि त्याचा स्वर फिका पडतो. 'प्रेझेंट' घ्या. भेटवस्तू असेल तर 'प्रेझ्न्ट: पहिला ए स्वच्छ, दुसरा जवळपास नाहीच, झ ला न चिकटलाय. सादर करणं असेल तर प्रि'झेन्ट: आता दुसरा ए स्वच्छ आणि पहिल्याचा बारीकसा इ उरला. दोन स्वरांनी आपापल्या खुर्च्या बदलल्या. ताईंनी विचारलंय की आधी काय. माझ्या मते जोर जातो आणि स्वर त्याच्यामागे फरफटत जातो. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो फरफटलेला स्वरच जोर कुठे आहे ते सांगतो.

आता त्या आरड्याओरड्याचं. जोर म्हणजे मोठा आवाज हा आपला समज चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस फ्राय यांनी 1955 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, डायजेस्ट, कॉन्ट्रॅक्ट, परमिट या पाच जोड्या यंत्राने तयार केल्या. स्वरांची लांबी आणि आवाजाचा मोठेपणा वेगवेगळा बदलत नेला आणि इंग्रजी लोकांना विचारलं, हे नाम की क्रियापद? मोठेपणापेक्षा लांबीने उत्तर जास्त फिरलं. 1958 च्या प्रयोगात तर सुराचा चढउतार त्याहून वरचढ ठरला. म्हणजे तुमची पोरं जी गोष्ट सगळ्यात जास्त वाढवत होती, ती यात सगळ्यात कमकुवत खूण.

जाईजुई
अरे देवा. म्हणजे मी त्यांना घसा फोडायला शिकवत होते. पण मग 'रे' आखूड कसा करायचा? मी करून पाहिलं, माझा 'रे' आखूड होतच नाही. 'रि' म्हटलं तर मुद्दाम वेगळा शब्द म्हटल्यासारखं वाटतं.

अमृता_आवाज
मी जाहिराती आणि डबिंगसाठी आवाज देते, तर माझं ऐका. हे मलाही स्टुडिओत बोलणी खाऊनच कळलं. इंग्रजी माहितीपटाला आवाज देत होते, 'प्रोड्यूस' शब्दावर सात वेळा कापाकापी झाली. ध्वनिमुद्रकाने शेवटी सांगितलं, "मॅडम, जड अक्षराला काही करू नका. ते आहे तसं राहू द्या. हलकं अक्षर खाऊन टाका."

मराठीत आपण खातोच की. 'कापड' म्हणताना प मधला अ ऐकू येतो. 'कापडाला' म्हणा बरं. काप्डाला. गेला कुठे अ? 'सडक' आणि 'सडकेवर' तसंच, सड्केवर. कुणी शिकवलेलं नाही, जीभ आपोआप करते. 'प्रेझ्न्ट'मध्ये तेच करायचं. कापडाला म्हणताना ज्या बेफिकिरीने अ सोडतो, त्याच बेफिकिरीने दुसरा ए सोडून द्यायचा.

ध्वनिवेडा
हे फार छान सांगितलंत. ताईंच्या 'रे'ची अडचणही यातच आहे. आपण जीव खाऊन टाकतो तो फक्त अ चा. ए आणि ओ ला मराठीत कुणी हात लावत नाही, ते कायम ऐसपैस असतात. आपण इंग्रजी शब्द देवनागरीत 'रेकॉर्ड' असा उतरवला तेव्हा त्यात एक ए आणि एक ऑ असे दोन ऐसपैस स्वर बसवून टाकले. मग नाम म्हणा की क्रियापद, दोन्ही अक्षरं जड. इंग्रजी कानाला हलकं अक्षर सापडतच नाही, त्यामुळे जोरही सापडत नाही. तुम्ही वर कितीही ओरडा.

म्हणून क्रियापदासाठी 'रे' आखूड करायच्या फंदात पडू नका. 'र' म्हणा, त्यातला अ अर्धवट गिळा. र्अ'कॉर्ड. इंग्रज लोक तिथे आखूड इ किंवा अ यातलं काहीही म्हणतात, दोन्ही चालतं. शब्दकोशात उलटा लिहिलेला ई दिसतो ना, तो म्हणजे जवळपास आपला अ, फक्त निवांत न म्हटलेला.

कोकणकन्या_एनजे
माझी कहाणी ऐका. न्यू जर्सीत येऊन दोन महिने झाले होते. मोठ्या दुकानात भाजी कुठे आहे विचारायचं होतं. वर पाटीवर स्पेलिंग वाचलं होतं, म्हणून ठसक्यात विचारलं, "व्हेअर इज द प्र'ड्यूस सेक्शन?" मुलगा नुसता बघत राहिला. मी तीनदा म्हटलं, दर वेळी आणखी मोठ्याने. शेवटी हाताने कोबी दाखवला, म्हणजे हवेत गोल काढला. तो म्हणाला, "ओह, 'प्रोऽडूस!" भाजीपाला असेल तर जोर पहिल्यावर, आणि इथे 'ड्यू' नाही, 'डू'.

बाकी 'प्रोजेक्ट'वरून माझा मुलगा अजून हसतो. तो म्हणतो 'प्रॉजेक्ट. मी म्हणते प्रोजेक्ट.

ध्वनिवेडा
तुमच्या कोबीत सगळं आलं. 'प्रोजेक्ट'चा मराठी उच्चार तर नामालाही लागू नाही आणि क्रियापदालाही नाही. नाम 'प्रॉजेक्ट, क्रियापद प्र'जेक्ट. आपण मधलाच ओ काढलाय.

उलट एक शब्द असा आहे जिथे आपण नकळत क्रियापदाचा स्वर नामाला लावून टाकलाय. 'परमिट'. परवाना या अर्थी इंग्रजीत 'पर्मिट, पहिला स्वर लांब, 'बर्ड'मधल्यासारखा. परवानगी देणं म्हणजे प'मिट, पहिला अ आखूड. मराठीत आपण 'पर' आखूडच म्हणतो. महाराष्ट्रभर पाट्यांवर जे 'परमिट रूम' लिहिलंय, ते स्वर पाहता 'परवानगी देणारी खोली' आहे.

सरळमार्गी
परमिट रूमचं काम तेच आहे, मग उच्चार बरोबरच की.

गंमत सोडा. मला मूळ प्रश्नच पटत नाही. नाम की क्रियापद हे वाक्यावरून कळतं. 'अ' किंवा 'द' आधी आला की नाम, 'टू' आला की क्रियापद. इंग्रजाला सुद्धा संदर्भ कळतोच. मग ग्रामीण शाळेतल्या पोरांना हा ताप कशाला? परीक्षेत लेखी विचारतात.

ध्वनिवेडा
पहिल्या भागाशी बराचसा सहमत आहे. रेकॉर्डचा अर्थ जोर चुकल्याने बदलला असं क्वचितच होतं. पण त्रास वेगळ्या ठिकाणी होतो. ऐकणारा शब्द शोधतो तो जड अक्षराचा धागा पकडून. कोकणकन्येच्या दुकानदाराला 'अ' आणि 'द' ऐकू आले नव्हते का? आले होते. पण 'ड्यूस' हे जड अक्षर धरून त्याने शब्द शोधला आणि भाजी सापडली नाही. 'डेझर्ट'चंही असंच. वाळवंट 'डेझर्ट, सोडून जाणं डि'झर्ट, आणि जेवणानंतरचं गोड, त्याचं स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार त्या सोडून जाण्यासारखाच, डि'झर्ट. म्हणजे जेवणानंतर वाळवंट मागवायची सोय आपल्याकडे उत्तम आहे.

ग्रामीण पोरांना ताप द्यावा का, हा प्रश्न उच्चाराचा नाही, शिक्षणाचा आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण ते पोर स्वतःहून उठलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

पक्या_९६
वर्तमानकाळाचं मागे घेतो. पण मग 'यूज'चं काय? नाम 'यूस', क्रियापद 'यूझ'. तिथे एकच अक्षर आहे, जोर हलायला जागाच नाही. तरी उच्चार बदलतो.

ध्वनिवेडा
या वेळी बरोबर नेम लागला, पक्या. ती वेगळी जुनी रीत आहे, शेवटचं व्यंजन घोष होण्याची. अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइझ तसेच. कधी दोन्ही रिती एकाच शब्दात येतात: 'रेफ्यूस म्हणजे कचरा, रि'फ्यूझ म्हणजे नकार देणं. स्वर हलला, जोर हलला, आणि वर शेवटचा स चा झ झाला.

अमृता_आवाज
आणि एक प्रकार जोर न हलता स्वर बदलण्याचा आहे. 'ग्रॅज्युएट', 'डुप्लिकेट', 'एस्टिमेट'. नाम असताना शेवट 'इट' किंवा 'अट' असा मिटलेला, क्रियापद असताना 'एट' उघडा. आपण "पोरगा ग्रॅज्युएट आहे" म्हणताना क्रियापदाचा शेवट लावतो. सर्टिफिकेटही तसंच. इंग्रजीत ते शेवटी 'कट'कडे झुकतं. स्टुडिओत हे मला अजून लिहून ठेवावं लागतं.

जाईजुई
सगळ्यांचे आभार. शनिवारी दुपारी थोडा वेळ होता, तर ध्वनिवेडा यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे प्राट हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून माझाच आवाज मोजला. काय केलं ते लिहिते, कुणाला करायचं असेल तर.

पहिली चूक अशी केली की नाम आणि क्रियापद सुटे सुटे, एकामागे एक म्हटले. दर वेळी दुसरा शब्द लांब येत होता आणि सूर शेवटी पडत होता. मला वाटलं जोर सापडला! ते नुसतं वाक्य संपल्याचं लक्षण होतं. मग सुचवल्याप्रमाणे दोन्ही शब्द एकाच चौकटीत बसवले, "से ___ अगेन", म्हणजे शब्द कायम मधेच येईल. प्रत्येक पाच-पाच वेळा. मग `View & Edit` उघडून पडद्यावर पहिल्या अक्षराचा स्वर निवडायचा, वर त्याची लांबी दिसते.

नामातला 'रे' साधारण 150 मिलिसेकंद. क्रियापदातला? 140. वाचून हसूच आलं. आवाजाचा मोठेपणा मात्र क्रियापदाच्या 'कॉर्ड'वर भरपूर चढलेला. म्हणजे फ्रायसाहेबांची सगळ्यात कमकुवत खूण मी पुरेपूर वाढवली होती आणि बाकी काही केलंच नव्हतं.

मग अमृताताईंचं 'कापडाला' दहा वेळा म्हणून र्अ'कॉर्ड म्हटलं. पहिला स्वर साठ-सत्तरवर आला. मोठ्याने अजिबात म्हटलं नव्हतं. नवऱ्याला पुन्हा पारखायला बसवलं: दहा तुकडे, क्रम पिसलेला, त्याने नुसतं ऐकून नाम की क्रियापद लिहायचं. आधीच्या ध्वनिमुद्रणात दहापैकी पाच बरोबर आले होते, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. या वेळी नऊ.

आता नवा प्रश्न. माझ्या नामात दुसरा स्वरही कमी होत नाहीये. 'रेकॉर्डमधला ऑ तसाच लांब राहतोय. तो पण खायचा का?

ध्वनिवेडा
हे मी आधीच सांगायला हवं होतं. 'रेकॉर्ड' हा पहिला धडा म्हणून जरा दगाबाज शब्द आहे. अमेरिकन माणूस नामात दुसरा स्वर खातो: 'रेकर्ड. ब्रिटिश माणूस खात नाही, त्याचा 'रेकॉऽड, जोर नसूनही ऑ पूर्ण, र मात्र गायब. म्हणजे 'जोर गेला की स्वर फिका पडतो' हा नियम इथे ब्रिटिश उच्चारात अर्धाच चालतो. तुमचं नाम ब्रिटिश पद्धतीने ठीक आहे, त्याला हात लावू नका.

वर्गात सुरुवात 'प्रेझेंट'पासून करा. तिथे दोन्ही स्वर अदलाबदल करतात, फरक ढळढळीत ऐकू येतो. 'इम्पोर्ट' किंवा 'इन्क्रीस' एवढ्यात घेऊ नका. त्यांत स्वर जवळजवळ बदलत नाहीत, सगळा भार सूर आणि लांबीवर पडतो. ते नवख्याला ऐकूही येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर 'ट्रान्सपोर्ट'सारख्या शब्दात इंग्रजसुद्धा क्रियापदाला कधी पहिल्यावर जोर देऊन मोकळे होतात.

बंडोपंत_नाशिक
एक शंका. सूर सगळ्यात वरचढ खूण म्हणालात. मग सूर बरोबर लावला तर स्वर आखूड करायची गरज काय? वेदपाठी पोर सूर अचूक लावेल.

ध्वनिवेडा
सुटा शब्द म्हणताना तुमचं पोर जिंकेल. पण वाक्यात सूर शब्दाच्या मालकीचा राहत नाही, बोलणाऱ्याच्या मनाप्रमाणे हलतो. कुणी म्हटलं, "तू रेकॉर्ड केलं नाहीस," आणि तुम्ही चिडून उत्तर दिलं, "आय 'डिड रिकॉर्ड इट!" सगळा सूर 'डिड'वर चढला, त्यानंतर सपाट. 'रिकॉर्ड'ला सुराचा वाटा मिळालाच नाही. तरी ते क्रियापद आहे हे ऐकू येतं, कारण 'रि' आखूड आणि फिका आहे. सूर नसेल तेव्हा स्वरच कामाला येतो.

कोकणकन्या_एनजे
मग 'प्रेझेंटेशन'चं सांगा. प्रि'झेन्ट या क्रियापदापासूनच बनलंय ना? मग ते 'प्रिझेन्टेशन' का नाही? इथे ऑफिसात कुणी 'प्रीझेन्टेशन' म्हणतात, कुणी 'प्रेझ्न्टेशन', आणि मी दोघांच्या मधे लटकलेय.

ध्वनिवेडा
'टेशन' लागलं की मुख्य जोर 'टे'वर जातो. मग 'झेन'वर जोर ठेवला तर दोन जड अक्षरं एकमेकांना भिडतात, म्हणून तो एक घर मागे 'प्रे'वर सरकतो, थोडा हलका होऊन. जोर आला की स्वर जिवंत, म्हणून नामासारखा ए परत दिसतो आणि मधला 'झेन' मिटतो. अमेरिकेत बरेच जण तिथे लांब ई घालतात, दोन्ही चालतं. आपलं मराठी 'प्रेझेंटेशन' सुरुवातीला बरोबर आहे, फक्त मधला ए जरा जास्तच शाबूत आहे.

'रेकॉर्डिंग'चं मात्र उलट. तिथे क्रियापदाचाच जोर कायम राहतो, रि'कॉर्डिंग. मराठीत आपण त्याला नामाचा 'रे' लावून बसलोय.

नानासाहेब_वाईकर
माझा तर विश्वासच उडाला आता. आमच्याकडे ग्रामोफोनची रेकॉर्ड लावली जायची, स्त्रीलिंगी. सचिनने मोडायचा तो रेकॉर्ड, पुल्लिंगी. आणि 'रेकॉर्ड करणे' क्रियापद. तिन्हींचा उच्चार एकच आणि कुणाचं काही अडलं नाही. मराठीने लिंगावर काम भागवलं म्हणायचं.

सरळमार्गी
नाना, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. मराठीत क्रियापद आपण थेट घेतच नाही, नाम घेऊन 'करणे' जोडतो. म्हणून आपल्याला दुसरा उच्चार लागलाच नाही. पण तरी म्हणतो, मराठी माणसाचं इंग्रजी मराठी वळणाचं असेल तर असू द्या ना. आपापसात सगळे भारतीय एकमेकांना समजतातच.

ध्वनिवेडा
'करणे'चा मुद्दा पटला, मी तसा विचार केला नव्हता. वळणाबद्दल मात्र आपलं जमणार नाही. बोलायला वळण मराठी चालेल, ऐकायला दुसरं वळण ओळखता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

जाईजुई
आज वर्गात 'प्रेझेंट' घेतलं. आधी सगळ्यांना 'कापड, कापडाला' म्हणायला लावलं. पोरांना वाटलं बाई मराठीच्या तासाला आल्या. मग 'प्रेझ्न्ट आणि प्रि'झेन्ट. ओरडायचं नाही अशी अट घातली, कुजबुजत म्हणायचं. कुजबुजण्यात सूरच नसतो, त्यामुळे स्वरावरच काम करावं लागतं. ही युक्ती मला रात्री सुचली, चूक असेल तर सांगा. निम्म्या पोरांना जमलं. बाकीच्यांचा पहिला ए हलायला तयार नाही.

मागच्या बाकावरच्या पोराने मात्र हजेरी घेताना "प्रेझ्न्ट बाई" असं म्हटलं आणि लगेच विचारलं, "बाई, हे नाम पण नाही आणि क्रियापद पण नाही. मग जोर पहिल्यावर का?" मी म्हटलं विशेषण आहे, उद्या सांगते. आता सांगा, विशेषणांचं काय? 'परफेक्ट' आणि 'अ‍ॅब्सेन्ट' पहिल्यावर, पण समाधानी या अर्थाचं 'कन्टेन्ट' दुसऱ्यावर, असं शब्दकोशात दिसतंय.

ध्वनिवेडा
विशेषणं बरीचशी नामाच्या पंगतीत बसतात, पण सगळी नाहीत, आणि 'कन्टेन्ट' त्या न बसणाऱ्यांपैकी. 'मिनिट' तपासून बघा: वेळेचं 'मिनिट, आणि बारीक या अर्थाचं विशेषण माय'न्यूट. यामागे एक सरळ नियम मला मांडता येत नाही. कुजबुजायची युक्ती चोख आहे, ती मी चोरतोय.